संध्याकाळची कॉफी आणि रात्रीची झोप

मेंदू जागेपणी काम करत असताना त्यात ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफीन या द्रव्याची मेंदूतील जागा अडवते. थकवा नाहीसा होत नाही, फक्त जाणवत नाही.

कॉफी प्यायल्यावर साधारण तासाभरात रक्तातील कॅफीन सर्वाधिक पातळी गाठते. पुढे यकृत ते हळूहळू मोडते. निरोगी प्रौढात निम्मे कॅफीन जायला सुमारे 5 तास लागतात. समजा, संध्याकाळी 5 वाजता घेतलेल्या कॉफीत 100 मिलिग्रॅम कॅफीन आहे. रात्री 10 वाजता त्यातले 50 आणि पहाटे 3 वाजता 25 मिलिग्रॅम शरीरात उरते. तीच कॉफी सकाळी 8 वाजता घेतली, तर रात्री 11 पर्यंत जेमतेम 12 मिलिग्रॅम राहते.

हा वेग सर्वांचा सारखा नसतो. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफीन लवकर मोडते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आणि गरोदरपणात ते बरेच अधिक काळ टिकते.

झोप पटकन लागते, म्हणून कॅफीन बाधत नाही असे मानणे चुकीचे ठरते, कारण त्याने गाढ झोपही घटते. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या 6 तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभराहून अधिक कमी झाली. म्हणून रात्री 11 ला झोपणाऱ्याने शेवटची कॉफी दुपारी 2 च्या सुमारास घ्यावी. चहात कॅफीन कमी असले, तरी संध्याकाळच्या दोन-तीन कपांचा हिशेब धरावाच लागतो.