बुडालेल्या उधारीचा हिशेब

ग्रे कापडाचा धंदा उधारीवर चालतो. मागावरून उतरलेलं कापड दलालामार्फत व्यापाऱ्याकडे जातं, बिलावर मुदत लिहिलेली असते आणि पैसे येतात ते मुदत उलटल्यावर, तुकड्यातुकड्यानं. इचलकरंजीत एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी व्यापाऱ्यांचे हिशेब अंतिम करतो. मार्च संपला की प्रत्येक पेढीच्या येण्यांची यादी टेबलावर येते आणि शेठ एकेका नावावर बोट ठेवून सांगत जातात: हा देतो, याला उशीर लागेल, याचे गेलेच. मधल्या आणि शेवटच्या नावांमध्ये आयकर कायदा जी रेघ ओढतो, ती नीट कळली नाही तर माणूस बुडालेल्या पैशांवरही कर भरत बसतो.

एक भागीदारी पेढी घेऊ. तिची ओळख लपवण्यासाठी आकडे बदलून पूर्णांकात घेतले आहेत. पहिल्या वर्षअखेरीस पेढीची येणी 2 कोटी 40 लाख रुपये होती. बाजार मंद होता, म्हणून शेठनी पाच टक्के, म्हणजे 12 लाखांची तरतूद करायला सांगितलं. नफा-तोटा पत्रकात 12 लाख नावे पडले, ताळेबंदात देणी बाजूला ‘संशयित येण्यांसाठी तरतूद’ अशी ओळ आली आणि निव्वळ नफा 30 लाखांवर उतरला. अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत आर.डी.डी. म्हणून जे शिकवतात, ते हेच.

हिशेब म्हणून यात काही चूक नाही. मालकाला आणि बँकेला येण्यांचा फुगवलेला आकडा दिसू नये, म्हणून अशी तरतूद करायलाच हवी. पण कराच्या कॉम्प्युटेशनमध्ये आम्ही पहिल्याच ओळीला 30 लाखांत ते 12 लाख परत मिळवले आणि कर 42 लाखांवर काढला. पेढीला उपकरासह 31.2 टक्के दर लागतो. म्हणजे त्या तरतुदीपायी 3 लाख 74 हजार 400 रुपये कराचे वाचतील, अशी शेठची जी समजूत होती ती तिथेच संपली. ते म्हणाले, “वहीत खर्च टाकलाय, मग तो खर्च का नाही?”

कारण त्या दिवशी एकही येणं बुडालेलं नव्हतं. पाच टक्के हा अंदाज होता. तो आठ टक्केही करता आला असता आणि ज्याला कर कमी करायचा आहे त्याने दहाही केला असता. आयकर कायदा 1961 च्या कलम 36(1)(vii) खाली वजावट मिळते ती ‘वसूल न होणारं’ म्हणून खात्यांतून प्रत्यक्ष काढून टाकलेल्या येण्याची. 2001 च्या वित्त कायद्याने त्याला स्पष्टीकरण जोडलं आणि ते 1 एप्रिल 1989 पासूनच लागू केलं: हिशेबात केलेली बुडीत व संशयित येण्यांची तरतूद म्हणजे येणं काढून टाकणं नव्हे. बँकांना कलम 36(1)(viia) खाली तरतुदीची ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट मिळते, पण ती त्यांची वेगळी वाट आहे. कापडाच्या व्यापाऱ्याला ती नाही.

दुसऱ्या वर्षी त्या यादीतला एक व्यापारी खरोखर बसला. त्याने दुकान बंद केलं, दलालाने हात वर केले आणि दिलेला धनादेश न वटता परत आला. त्याच्या खात्यावर 8 लाख 40 हजार रुपये बाकी होते: कापडाची किंमत 8 लाख आणि पाच टक्के जीएसटी 40 हजार. आम्ही 31 मार्चच्या तारखेने जर्नल नोंद केली, तरतूद खातं नावे आणि व्यापाऱ्याचं खातं जमा. त्याचं खातं शून्यावर आलं, तरतुदीत 3 लाख 60 हजार उरले.

या टप्प्यावर नेहमी एक गफलत होते. नोंद तरतूद खात्यातून गेल्यामुळे त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात तिचा मागमूस नसतो. पत्रकातला 25 लाखांचा नफा तसाच उचलून जो कर काढतो, त्याची 8 लाखांची वजावट हातची जाते. त्या रकमेवर गेल्या वर्षी तरतूद म्हणून कर भरलेला असतो आणि आता ती खरोखर बुडाली तरी सवलत घेतलेली नसते. म्हणून कॉम्प्युटेशनमध्ये ती ओळ वेगळी लिहून वजा करावी लागते. आमच्या पेढीचं करपात्र उत्पन्न 17 लाख झालं आणि 2 लाख 49 हजार 600 रुपये कर कमी झाला. हे तपासायला सोपं आहे. तरतूद खात्याचा उतारा काढायचा आणि नावे बाजूला एखाद्या पार्टीचं नाव दिसलं की ती रक्कम कॉम्प्युटेशनमध्ये आली आहे का ते पाहायचं. उलट दिशेलाही तसंच आहे. न वापरलेली तरतूद पुढे नफ्यात परत आणली तर ती उत्पन्नातून वगळायची, कारण तिच्यावर कर आधीच भरला गेला आहे.

वजावट 8 लाखांची घेतली, 8 लाख 40 हजारांची नाही. याचं कारण कायद्याच्या दुसऱ्या अटीत आहे. कलम 36(2) विचारतं की हे येणं या किंवा आधीच्या एखाद्या वर्षाच्या उत्पन्नात धरलं होतं का? सावकारी किंवा बँकिंगच्या धंद्यात दिलेल्या कर्जाला हा प्रश्न लागू नाही, बाकी सगळ्यांना आहे. कापडाचे 8 लाख विक्री खात्यावर जमा झाले होते आणि त्यावरचा नफा मोजला गेला होता. जीएसटीचे 40 हजार विक्रीत कधी आलेच नाहीत. ते सरकारचं देणं म्हणून वेगळ्या खात्यात गेले आणि व्यापाऱ्याकडून दमडी आली नसतानाही पेढीने भरून टाकले. माल परत आला किंवा किंमत कमी केली तर क्रेडिट नोट काढता येते, पण पैसे बुडाले म्हणून जीएसटी परत मिळत नाही. या 40 हजारांची आयकरात वेगळ्या आधाराने वजावट मागता येते असं मानणारेही आहेत. आम्ही या पेढीसाठी ती मागितली नाही.

ही दुसरी अट किती लोक विसरतात ते शेठची पूर्ण यादी पाहिल्यावर कळतं. त्याच वर्षी त्यांनी आणखी दोन नावं काढून टाकायला सांगितली होती. एक सुताचा व्यापारी, त्याला आगाऊ दोन लाख दिले होते, सूतही आलं नाही आणि पैसेही नाहीत. दुसरा शेठचा मेहुणा, त्याला पेढीतून दीड लाख हातउसने दिले होते. तिन्ही नावं एकाच कागदावर, एकाच पेनाने लिहिलेली होती. पण सुताची आगाऊ रक्कम कधीच उत्पन्नात आली नव्हती, म्हणून ती बुडीत येणं म्हणून चालत नाही. धंद्यासाठी माल घेतानाच ती गेली, हे कागदोपत्री दाखवून धंद्यातला तोटा म्हणून वेगळी मागावी लागते. मेहुण्याच्या रकमेला दोन्ही दारं बंद. ती आम्ही शेठच्या भांडवल खात्याला नावे टाकली. ते थोडे नाराज झाले.

येणं खरोखर बुडालं आहे हे सिद्ध करावं लागतं का, असं प्रत्येक जण विचारतो. 1989 पूर्वी करावं लागे. व्यापारी म्हणे या वर्षी बुडालं, आयकर खातं म्हणे अजून आशा आहे, आणि पुढच्या वर्षी तेच खातं म्हणे की हे तर मागेच बुडालं होतं. हे भांडण मिटवण्यासाठी 1 एप्रिल 1989 पासून शब्द बदलले. तरी वाद चालू राहिले. शेवटी 2010 साली टी.आर.एफ. लिमिटेडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की येणं वसूल न होणारं म्हणून खात्यांतून काढलं, एवढं पुरे. प्रत्यक्ष कर मंडळानेही 2016 च्या परिपत्रकात ते मान्य केलं. म्हणून निर्धारण अधिकारी आता व्यापारी पळाला याचा पुरावा सहसा मागत नाही. तो खात्याचा उतारा, जर्नल नोंद आणि मूळ बिलं मागतो, म्हणजे येणं कोणत्या वर्षीच्या विक्रीतलं ते पाहता येतं. काढून टाकलेल्या पार्टीला पुढच्या महिन्यात नवं बिल गेलेलं दिसलं, किंवा ती शेठचीच दुसरी पेढी निघाली, तर मात्र प्रश्न वाढतात आणि ते रास्त असतात.

2010 सालीच विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. बँकेने रक्कम नफा-तोट्याला टाकली होती आणि ताळेबंदात कर्जांच्या एकूण आकड्यातून ती कमी केली होती, पण प्रत्येक कर्जदाराचं खातं बंद केलं नव्हतं. तेवढंही पुरतं, असा निर्णय झाला. काही जण हा निर्णय टक्केवारीच्या तरतुदीला लावायला जातात. आम्ही ते करत नाही. पाच टक्क्यांत कोणाचं येणं सोडलं, याचं उत्तरच देता येत नाही आणि ज्याला नाव नाही ते येणं काढून टाकलं असं म्हणता येत नाही.

वहीतून नाव काढलं म्हणजे व्यापारी सुटला, असंही नाही. बँकांनी हजारो कोटी ‘माफ’ केल्याच्या बातम्या वाचून पुष्कळांचा तसा समज होतो. ही नोंद पेढीच्या घरातली आहे. व्यापाऱ्याला ‘काही बाकी नाही’ असं पत्र दिलेलं नसतं. न वटलेल्या धनादेशाचा खटला चालू राहू शकतो आणि मुदतीच्या कायद्यातली तीन वर्षं मोजायची ती वेगळीच.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा आयकर कायदा 2025 घेतो. कलमांचे आकडे बदलतात, पण येणं वहीतून काढलं का आणि ते कधी उत्पन्नात धरलं होतं का, हे दोन प्रश्न राहतात.

आमच्या व्यापाऱ्याने तिसऱ्या वर्षी दलालामार्फत तडजोड केली आणि 3 लाख दिले. कलम 41(4) प्रमाणे अशी वसुली त्या वर्षीचं उत्पन्न होते. पण ती सगळी नाही. येणं 8 लाख 40 हजारांचं, वजावट 8 लाखांची, मधले 40 हजार पेढीने स्वतः सोसलेले. कायदा आधी ते भरून घेऊ देतो आणि उरलेल्या 2 लाख 60 हजारांवर कर लावतो. म्हणून येणं काढून टाकताना जर्नल नोंदीखालच्या तपशिलात आम्ही एक ओळ जास्त लिहितो: बिलाची रक्कम इतकी, त्यातली वजावट इतकी. ती ओळ नसली तर तीन वर्षांनी नवा हिशेबनीस पूर्ण 3 लाखांवर कर काढून मोकळा होतो आणि कोणाला कळतही नाही.