खांबाचा चौथा कोपरा

व्हरांड्याच्या कोपऱ्यावरचा विटांचा चौकोनी खांब घ्या. बाजू ६० सेंटिमीटर, उंची तीन मीटर. अशा जाड, आखूड खांबाला वाकून कोसळण्याचे भय नसते. त्याच्यावर दोन दिशांनी दोन तुळया येतात, प्रत्येकीचा भार नऊ टन. एकूण १८ टन भार अगदी मध्यावर पडला असता, तर ३,६०० चौरस सेंटिमीटरवर सारखा वाटला जाऊन दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब आला असता. चांगल्या विटकामाला हे जड नाही.

पण तुळई खांबावर सहसा पूर्ण टेकत नाही. ती आतल्या कडेपासून २० सेंटिमीटरच टेकली, तर तिचा भार खांबाच्या मध्यापासून २० सेंटिमीटर बाजूला पडतो. दुसरी तुळई काटकोनात हेच करते. दोन्हींचा मिळून भार दोन्ही दिशांना दहा-दहा सेंटिमीटर सरकतो.

इथे बांधकामातला जुना नियम आठवतो: भार मधल्या तिसऱ्या भागात असला, तर खांबात कुठेही ताण येत नाही. ६० चा मधला तिसरा भाग २० सेंटिमीटरचा, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना दहा. आपला भार दोन्ही दिशांना बरोबर त्या सीमेवर आहे, म्हणून खांब सुरक्षित वाटतो. तो नाही.

एकाच दिशेला दहा सेंटिमीटर सरकण्याने एका कडेचा दाब पाचाने वाढतो आणि समोरच्या कडेचा पाचाने घटून शून्यावर येतो. दुसऱ्या दिशेचे सरकणेही तेवढीच वाढ-घट करते, आणि कोपऱ्यांवर दोन्हींची बेरीज होते. तुळयांकडच्या कोपऱ्यावर १५ किलो दाब येतो, शेजारच्या दोन कोपऱ्यांवर पाच-पाच राहतो आणि समोरच्या चौथ्या कोपऱ्यावर उणे पाच, म्हणजे ताण. खांबाचे स्वतःचे वजन जेमतेम दोन टन. पायथ्याशीही ते हा ताण पुरता मिटवू शकत नाही.

म्हणून सुरक्षित क्षेत्र मधला चौकोन नसून त्यात तिरका बसणारा समभुज चौकोन आहे. या खांबात दोन दिशांच्या सरकण्याची बेरीज दहा सेंटिमीटरच्या आत हवी.

विटांमधला मसाला ताण फारसा सोसत नाही. चौथ्या कोपऱ्यावर आडवा सांधा उघडतो. बारीक भेग दोन्ही लगतच्या बाजूंवर कोपऱ्यापासून सुरू होते आणि पुढे विरते. उघडलेला भाग भार घेत नाही, त्यामुळे समोरच्या कोपऱ्यावरचा दाब १५ च्याही वर जातो आणि तिथल्या विटांच्या कडा उडू लागतात. भेगेत नुसता मसाला भरून काही साधत नाही, कारण भार जिथल्या तिथेच असतो. तुळया वाकल्या की तो आणखी आतल्या कडेकडे जातो.

लोखंडी सळयांच्या काँक्रीट खांबात हा ताण सळया घेतात. विटा-दगडांच्या खांबाला ती सोय नाही. वर काँक्रीटचा जाड ठोकळा घातला, तरी तुळया त्याच्या कडेवरच टेकल्या तर भाराची जागा बदलत नाही. प्रत्येक तुळईच्या टेकण्याचा मध्य खांबाच्या मध्यापासून दहा सेंटिमीटरवर आणला, तर एकूण भार दोन्ही दिशांना पाच-पाच सेंटिमीटरच सरकलेला राहतो आणि चौथ्या कोपऱ्यावरचा ताण शून्य होतो.