धनादेशाच्या तळची पट्टी

बँकेच्या धनादेशाच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर जाड-बारीक वळणाचे विचित्र आकडे छापलेले असतात. शाळेत शुल्काचा धनादेश आला, की आपण रक्कम, तारीख आणि सही पाहतो. पट्टीकडे सहसा लक्ष जात नाही. आज तीच वाचू. उदाहरणासाठी एक काल्पनिक पट्टी घेऊ:

```
⑈000127⑈ 411014007⑆ 012345⑈ 31
```

डावीकडून पहिले सहा आकडे म्हणजे धनादेशाचा क्रमांक. पुस्तिकेतील नोंदीच्या पानावर हाच क्रमांक आपण लिहितो. पासबुकात मात्र सुरुवातीची शून्ये गळून नुसते १२७ दिसू शकते. क्रमांक तोच असतो.

पुढचे नऊ आकडे तीन-तीनच्या गटांत फोडू. ४११ हे शहर : पुण्याच्या पिनकोडचेही पहिले तीन आकडे हेच. ०१४ ही बँक : बँक ऑफ महाराष्ट्र. ००७ ही त्या शहरातील त्या बँकेची शाखा. म्हणजे धनादेशावर वर छापलेले बँकेचे व शाखेचे नाव या गटांशी जुळले पाहिजे. शाखेचा गट पासबुकाच्या पहिल्या पानावरून ताडून पाहता येतो.

त्यानंतरचे सहा आकडे खात्याशी संबंधित असतात, पण तो पूर्ण खातेक्रमांक नव्हे. शेवटचे दोन आकडे धनादेशाचा प्रकार सांगतात.

हे आकडे लोहयुक्त शाईने छापतात. यंत्र आधी शाईला चुंबकित करते आणि मग प्रत्येक आकड्यामुळे उमटणाऱ्या विद्युत् लहरीच्या आकारावरून तो ओळखते. वरून साध्या शाईचा डाग पडला तरी चुंबकीय वाचन सहसा बिघडत नाही. पण आता धनादेशाची प्रतिमाही पाठवली जाते, म्हणून पट्टीवर सही, शिक्का किंवा घडी नकोच.

यंत्र चुकत नाही तिथे आपण चुकतो. अर्जावर हा नऊ आकडी संकेत हाताने उतरवताना ४११ चे १४१ झाले, तर पुण्याचे लुधियाना होते! या नऊ आकड्यांत चूक पकडणारा पडताळ्याचा जादा आकडा नाही. नऊच्या नऊ आकडे शहर, बँक व शाखा यांतच खर्ची पडले आहेत. म्हणून सलग न वाचता तीन गट पाडून, प्रत्येक गट वेगळा जुळवावा.

एक अपवाद लक्षात ठेवू. बँकांचे विलीनीकरण झाले, की संकेत बदलतात. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स १ एप्रिल २०२० रोजी पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली आणि तिच्या जुन्या धनादेश-पुस्तिका १ ऑक्टोबर २०२१ पासून बाद ठरल्या. अशा जुन्या धनादेशावर नाव व संकेत एकमेकांशी अगदी जुळतात, तरी तो वटत नाही.

वर्गात हा प्रयोग करायचा असेल, तर रद्द केलेला धनादेश घ्यावा आणि खातेक्रमांक व सही झाकावी.