फ्रँचायझी घ्यावी की आपलं काही सुरू करावं?

गाठीला पाच लाख जमले की तालुक्याच्या गावी चहाची फ्रँचायझी घ्यावी, असं अनेकांच्या मनात येतं. तयार नाव, तयार मसाला आणि शिकवायला कंपनीचा माणूस मिळतो. हे फायदे खरे आहेत. पण सही करण्याआधी वही-पेन्सिल घेऊन बसा.

समजा, परत न मिळणारी फी दोन लाख. काउंटर, भांडी, पाटी यांना दीड लाख आणि गाळ्याचं डिपॉझिट पन्नास हजार. चार लाख गेले. दरमहा भाडं, दोन पोरांचा पगार, गॅस आणि वीज मिळून 34 हजार. तुमची स्वतःची मजुरी 15 हजार धरा. ती बहुतेक जण विसरतात. करार तीन वर्षांचा असेल तर फीचा महिन्याचा वाटा साडेपाच हजार. एकूण झाले साडेचौपन्न हजार. कंपनीचाच माल घ्यायचा, रॉयल्टी द्यायची, म्हणून बारा रुपयांच्या कपामागे सहा सुटतात. म्हणजे रोज तीनशे कप खपले तरच हिशेब जुळतो.

तेवढे कप खपतील का? कंपनी दाखवील ते दुकान पाहू नका. आपल्याएवढ्याच गावातल्या दुकानासमोर एक बाजारवार आणि एक साधा दिवस बसून कप मोजा. बंद पडलेल्या दुकानदाराला गाठा. करारात पाहा : जवळच दुसरं दुकान न देण्याची हमी आहे का, मुदत संपल्यावर पुन्हा फी लागते का? आणि ‘उत्पन्नाची हमी’ ऐकली की सावध व्हा. सांगली भागात 2019 साली उघड झालेल्या कडकनाथ प्रकरणात खरेदीची हमी कागदावरच राहिली होती.

आता दुसरी बाजू. घरची ज्वारी आहे, बायकांच्या हाताला कडक भाकरीची सवय आहे. वीस हजार बाजूला काढा, अन्नसुरक्षा नोंदणी करा आणि दोन महिने चार दुकानांत पाकिटं ठेवा. मजुरी, पॅकिंग आणि दुकानदाराचं कमिशन वजा जाऊन पाकिटामागे पंधरा रुपये सुटत असतील, तर तुमची 15 हजारांची मजुरी निघायला रोज तेहतीस पाकिटं पुरतात.

इथंही अडचणी आहेतच. पावसाळ्यात भाकरी सादळते, दुकानदार उधारी ठेवतो, न खपलेला माल परत येतो. म्हणून पहिल्या आठवड्याच्या खपावर भाळू नका. ओळखीचे लोक एकदा घेतातच. सहाव्या आठवड्यात दुकानदार स्वतःहून माल मागतो का आणि रोख देतो का, ते पाहा. नाही म्हणाला, तर वीस हजारांत धडा मिळाला, चार लाख ऐंशी हजार शाबूत राहिले.

मोजलेले कप तीनशेच्या बरेच वर असतील, तर फ्रँचायझी जरूर घ्या. काठावर असतील, तर आधी भाकरीची पाकिटं ठेवून पाहा. फ्रँचायझीत आधी पैसा जातो, मग गिऱ्हाईक कळतं. आपल्या कल्पनेत आधी गिऱ्हाईक पारखता येतं.