भाडेतक्त्याचा फोटो आणि टप्प्यांची मोजणी

एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. टप्पा अपुरा राहिला तरी पैसे पूर्ण टप्प्याचे लागतात. एवढे माहीत असले, की कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला भाडेतक्त्याचा तिरपा, अर्धवट चकाकणारा फोटोही वाचता येतो.

तक्ते दोन तऱ्हांचे दिसतात. एकात आडवे-उभे दोन्हीकडे थांब्यांची नावे असतात आणि दोन नावे जिथे भेटतात त्या चौकटीत भाडे लिहिलेले असते. तिथे मोजायचे काही नसते, बोट नीट सरकवले की झाले. दुसऱ्या तऱ्हेत एका बाजूला थांब्यांची यादी आणि प्रत्येकापुढे टप्प्याचा क्रमांक असतो. दुसऱ्या बाजूला एक टप्पा, दोन टप्पे, तीन टप्पे असे भाड्याचे आकडे. घोळ होतो तो या दुसऱ्या तऱ्हेत.

समजा, एका मार्गाच्या यादीत सुरुवातीच्या स्थानकापुढे ० आहे, साखर कारखान्यापुढे ३, बाजारगावापुढे ७ आणि घाटपायथ्यापुढे ८. बाजारगाव आणि घाटपायथ्याच्या मधे देवळाचा थांबा आहे, त्याच्यापुढे क्रमांक नाही. आपल्याला कारखान्यापासून देवळापर्यंत जायचे आहे. यादी शून्यापासून सुरू होते, म्हणजे हे क्रमांक टप्प्यांच्या सीमा दाखवतात. देऊळ सातव्या सीमेच्या पुढे असल्याने तिथे उतरणाऱ्याला आठव्या सीमेपर्यंतचे भाडे पडते. आठातून तीन गेले, राहिले पाच. भाड्याच्या बाजूला पाच टप्प्यांची ओळ पाहायची. चढण्याचा थांबा दोन सीमांच्या मधला असेल, तर मोजणी मागच्या सीमेपासून करायची.

यादी १ पासून सुरू होत असेल आणि एकच क्रमांक दोन-तीन थांब्यांपुढे असेल, तर मात्र तो क्रमांक सीमेचा नसून रस्त्याच्या एका तुकड्याचा असण्याची शक्यता अधिक. तिसऱ्या तुकड्यात चढून सातव्यात उतरले तर बस तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा अशा पाच तुकड्यांना स्पर्श करते. नुसती वजाबाकी केली तर चारच येतात. साध्या बसला २०२५ च्या जानेवारीतील भाडेवाढीनंतर एका टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात, तेव्हा या एका टप्प्याच्या गोंधळाने हिशेब तेवढ्याने चुकतो. कोणती पद्धत लागू आहे हे ठरवायला त्याच मार्गावरचे एखादे जुने पण याच दराचे तिकीट पुरते. त्यावरचे दोन थांबे तक्त्यात शोधून दोन्ही प्रकारे मोजावे. जी रक्कम तिकिटाशी जुळेल ती पद्धत.

याच सीमांमुळे एक विचित्र गोष्ट घडते. सीमेवर चढून पुढच्या सीमेवर उतरणारा सहा किलोमीटरला एक टप्पा भरतो. पण पाचव्या किलोमीटरला चढून तेराव्या किलोमीटरला उतरणारा आठच किलोमीटर जातो आणि तीन टप्प्यांचे भाडे देतो, कारण त्याने सहा आणि बारा या दोन्ही सीमा ओलांडलेल्या असतात. वाहकाने जादा पैसे घेतले, असा समज इथूनच निघतो. त्यात वाहकाचा काही संबंध नसतो.

फोटोचे म्हणून काही वेगळेच त्रास असतात. तिरप्या फोटोत नजर वरच्या ओळीतून खालच्या ओळीत घसरते, म्हणून पडद्यावर कागदाची कड आडवी धरून वाचलेले बरे. पुसट छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. यावर उपाय तक्त्यातच असतो. प्रत्येक टप्प्याला भाडे जवळपास सारख्याच रकमेने वाढते, फरक पडलाच तर पूर्णांकासाठी एखाद-दुसऱ्या रुपयाचा. एखाद्या ओळीत आकडा अचानक उडी मारतोय असे वाटले, तर तो आकडा आपण चुकीचा वाचलाय. फोटो वरून कापलेला असेल, तर दिसणारी पहिली ओळ एका टप्प्याची धरू नये. दोन फोटो जोडायचे असतील तर दोन्हींत निदान एक ओळ सामाईक हवी.

टप्प्याचा दर हाताशी असला तरी गुणाकार करून रक्कम काढू नये. तिकिटात अधिभार असू शकतो, शिवाय रक्कम पूर्णांकात आणलेली असते. महिलांना मार्च २०२३ पासून मिळणाऱ्या निम्म्या सवलतीचेही तसेच. तक्त्यात सवलतीचा रकाना असेल तर तोच वाचावा.

सर्वांत आधी मात्र एका टप्प्याची ओळ बघावी. २०२१ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा दर टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होता. त्या ओळीतला आकडा दहाच्या खाली असेल, तर फोटो आजच पाठवलेला असला तरी तक्ता जुना आहे. तो बराच वर असेल, तर आपण बहुधा निमआराम किंवा शिवशाहीच्या रकान्यात शिरलो आहोत.