पीएच तोच, पण खाऱ्या पाण्यात गणित का चुकतं?

एका ग्लासात गोडं पाणी घ्या, दुसऱ्यात मोकळ्या समुद्राचं. तापमान २५ अंश सेल्सिअस आणि दोन्हींचा पीएच ८.१ आहे असं धरू. दोन्हींत बायकार्बोनेट विरघळलेलं आहे आणि त्यातलं थोडं फुटून कार्बोनेट तयार होतं. शिंपले आणि पोवळी आपलं कवच ज्यापासून बांधतात, ते हेच.

बायकार्बोनेटच्या दर शंभर आयनांमागे कार्बोनेट किती? गोड्या पाण्यात जेमतेम ०.६. समुद्रात मात्र १३ च्या पुढे!

अभिक्रिया एकच आणि पीएचही सारखाच. मग वीस पटींहून जास्त फरक आला कुठून?

कॉलेजच्या पुस्तकात या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक ४.७ × १०⁻¹¹ असा दिलेला असतो. त्याला हायड्रोजन आयनांच्या संहतीने (पीएच ८.१ ला ७.९ × १०⁻⁹) भागलं की ०.००६ येतं, म्हणजे शंभराला ०.६. पण समुद्राच्या पाण्यात प्रत्यक्ष मोजलं, तर हाच स्थिरांक साधारण १.१ × १०⁻⁹ भरतो. जो 'स्थिर' असायला हवा, तोच सरकलेला दिसतो.

खरं तर सरकतो तो संहती वापरून काढलेला आकडा. मूळ स्थिरांक लागू होतो आयनांच्या क्रियाशीलतेला, म्हणजे ॲक्टिव्हिटीला.

गर्दीतले आयन

मिठाच्या पाण्यात प्रत्येक ऋण आयनाभोवती धन आयनांची थोडी जास्त गर्दी असते. या वेढ्यामुळे त्याचा विद्युतभार अंशतः झाकला जातो आणि तो जितका आहे त्यापेक्षा कमी असल्यासारखा वागतो. किती कमी, ते सांगणारा आकडा म्हणजे ॲक्टिव्हिटी कोएफिशियंट. संहतीला त्याने गुणलं की क्रियाशीलता मिळते. अगदी विरळ द्रावणात तो जवळपास १ असतो, म्हणून तिथे नुसत्या संहतीवर भागतं.

आयनांची गर्दी मोजण्याचं माप म्हणजे आयनिक स्ट्रेंथ:

I = ½ Σ c z²

प्रत्येक आयनाची संहती (c) त्याच्या भाराच्या (z) वर्गाने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि निम्मं करायचं. वर्गामुळे दुहेरी भाराचा आयन एकेरी भाराच्या आयनापेक्षा चौपट मोजला जातो. समुद्रात लिटरमागे क्लोराइड सुमारे ०.५५ मोल, सोडियम ०.४७ आणि पोटॅशियम ०.०१. दुहेरी भाराचे मॅग्नेशियम, सल्फेट आणि कॅल्शियम मिळून फक्त ०.०९, पण चौपट झाल्यावर ते ०.३६ होतात. एकूण १.३९, त्याचं निम्मं ०.७.

आता अभिक्रियेकडे पाहा. डावीकडे एकेरी भाराचं बायकार्बोनेट, उजवीकडे दुहेरी भाराचं कार्बोनेट आणि एक हायड्रोजन आयन. जास्त भार उजवीकडे, म्हणून झाकलाही तोच जास्त जातो. त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कार्बोनेटशी चक्क जोड्या जमवतात. मोकळं कार्बोनेट कमी पडतं आणि मूळ स्थिरांक पाळण्यासाठी आणखी बायकार्बोनेट फुटतं.

मग सूत्र लावून टाकू?

पीटर डिबाय आणि एरिक ह्युकेल यांनी १९२३ मध्ये हा कोएफिशियंट काढण्याचं सूत्र दिलं. आयनिक स्ट्रेंथ ०.०१ असताना ते एकेरी भारासाठी ०.८९ आणि दुहेरीसाठी ०.६३ देतं. इतक्या विरळ द्रावणात ते विश्वासार्ह आहे. पण समुद्राच्या ०.७ ला लावलं, तर एकेरी भारालाही ०.३८ इतका खाली नेतं, जे वास्तवाला धरून नाही. कारण सूत्र आयनांना आकार नसलेले बिंदू मानतं आणि जोड्या मोजतच नाही.

म्हणून समुद्रशास्त्रज्ञांनी सरळ दुसरा रस्ता धरला: स्थिरांक समुद्राच्याच पाण्यात मोजायचा, आणि तो कोणत्या क्षारतेला आणि तापमानाला मोजला हे सोबत लिहायचं. १९७३ साली मेरबाख आणि सहकाऱ्यांनी केलेली अशी मोजमापं आजच्या गणितांतही वापरली जातात.

पीएच मीटरचंही तेच. नेहमीच्या विरळ बफरवर जुळवलेलं मीटर समुद्रात बुडवलं, तर त्याचं वाचन कृत्रिम समुद्रजलातल्या बफरवर जुळवलेल्या मीटरपेक्षा साधारण ०.१ ने वेगळं येतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच जेवढा घसरलाय, तोही सुमारे ०.१ च आहे. त्यामुळे समुद्राच्या पीएचचा आकडा कुठे वाचलात, तर तो कोणत्या मापपट्टीवरचा आहे हे आधी शोधा. जुना आकडा एका पट्टीवरचा आणि नवा दुसऱ्या, अशी तुलना झाली तर घसरण खरी की मीटरची, हे सांगताच येणार नाही.