अहवालाची बातमी करताना: ‘असर’चं उदाहरण

संस्थेचा अहवाल हातात आला की बहुतेक जण पहिल्या पानापासून बातमी लिहायला घेतात. माझ्या मते तिथेच बातमी मरते. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर २०२२’ हा शिक्षण अहवाल घ्या. जानेवारी २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते चौदा वयोगटातली ९८.४ टक्के मुलं शाळेत दाखल असल्याचं आढळलं. चांगली गोष्ट आहे, पण त्याआधीही प्रमाण ९५ टक्क्यांच्या वरच होतं. वाचकाला धक्का बसेल असा आकडा वाचनाचा होता. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ वर आलं.

म्हणजे पहिलं वाक्य साधारण असं होईल: ‘ग्रामीण भारतात तिसरीतल्या पाचपैकी जेमतेम एका मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो, चार वर्षांपूर्वी हे प्रमाण चारात एकापेक्षा जास्त होतं.’ संस्थेचं नाव, वर्ष, पाहणी कशी झाली, हे सगळं त्यानंतर. पटनोंदणी तर खाली, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात गेली तरी चालेल.

आता या एका वाक्यात चुका कुठे होतात ते बघा. ‘वाचनात ६.८ टक्के घट’ असं लिहिलंत तर ते चूक. घट ६.८ टक्केबिंदूंची आहे, मूळ २७.३ च्या मानाने ती जवळपास पाव भाग भरते. ‘पाचपैकी चार मुलं निरक्षर’ हेही चूक. चाचणीत अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. गोष्ट न जमलेल्यांपैकी कितीतरी मुलं शब्द वाचतात. आणि कोविडमध्ये शाळा बंद होत्या म्हणून घट झाली, हे कारण पटण्यासारखं आहे, पण ही पाहणी ते सिद्ध करत नाही. ती फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवते.

सगळ्यात मोठा मोह स्थानिक मथळ्याचा. उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या वाचकासाठी लिहिताय, मग ‘आपल्या शहरातली मुलंही मागे’ असं सहज सुचतं. पण ‘असर’ फक्त खेड्यांत होतो: जिल्ह्यात तीस गावं, प्रत्येक गावात वीस घरं. कॅम्प ५ मधलं एकही घर त्यात नाही. अंबरनाथ तालुक्यातलं एखादं गाव निवडलं गेलं असेल, तरी तालुक्याचा आकडा त्यातून निघत नाही. स्थानिक बातमी हवी असेल तर महापालिकेच्या शाळेत जाऊन शिक्षकांशी, पालकांशी बोला आणि ते वेगळं म्हणून छापा. अहवालाचा आकडा त्याला चिकटवू नका.

एक आठवण: ‘असर २०२४’ मध्ये हेच प्रमाण २७.१ झालं. त्यामुळे २०२२ चा आकडा आज लिहिताना वर्ष गाळलंत, तर वाक्य अक्षरशः खरं असूनही वाचकाची फसवणूकच होईल.